भाच्याचा इंटरव्ह्यूचा फोटो

मंगळवार, रात्री साडेअकरा

जेवायला बसले तेवढ्यात लातूरहून भाच्याचा फोटो आला. शुक्रवारी त्याचा पहिला इंटरव्ह्यू, इथेच पुण्यात, अकाउंट्सची नोकरी आहे. फोटोखाली एवढंच लिहिलेलं, "मावशी कसं दिसतंय, खरं सांग." मी १९ वर्षं अल्टरेशनच्या मशीनवर बसतेय, रोज लोकांना आरशासमोर उभं करून खडूने खुणा करते, तरी हा फोटो बघून मला काहीच नक्की सांगता येईना, कारण तो आरशातला सेल्फी होता. फोन छातीसमोर धरलेला म्हणजे बटणांची पट्टी झाकलेली, हात वर म्हणून उजवा खांदा उचललेला आणि बाही मागे ओढलेली, वर फोन वरून तिरका धरल्याने पाय आखूड दिसतायत. आता पँट लांब आहे की नुसती तशी दिसतेय हे कसं सांगू? आणि खोलीत पिवळा बल्ब, शर्ट पांढराय की क्रीम तेही कळेना.

मी लगेच फोनच केला. म्हटलं, सकाळी दारात उभा राहा, उन्हात नको, नुसता उजेड हवा. फोन ताईकडे दे, तिला आठ-दहा फुटांवर उभी कर, फोन पोटाच्या उंचीवर आणि सरळ धरायला सांग. हात सैल सोड, पोट आत ओढू नको. समोरून, बाजूने, पाठीमागून असे तीन काढ आणि एक खुर्चीत बसून. बसून कशाला, म्हणाला. अरे तुला तिथे अर्धा तास बसूनच बोलायचंय ना! आणि हातात एक कोरा पांढरा कागद धर. कागद फोटोत पिवळा दिसला तर कपड्यांचा रंगही तेवढाच खोटा, कागद पांढरा दिसला की बाकीच्या रंगांवर विश्वास ठेवता येतो.

बुधवार, दुपारी

चार फोटो आले, यावेळी छान काढलेत ताईने.

मी सगळ्यात आधी खांदा बघते. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी, याची दोन्हीकडे दीडेक इंच खाली दंडावर उतरलेली. त्यामुळे काखेत कापड गोळा झालंय आणि पाठीमागे फुगा. घट्ट शर्टाची खूण वेगळी, तिथे बटणापाशी आडव्या रेषा ताणल्या जातात, इकडे उभ्या घड्या पडल्यात म्हणजे शर्ट ढगळ आहे. विचारलं साइज काय, तर ४२. म्हणाला छाती ३८ आहे, थोडा मोकळा असावा म्हणून ४२ घेतला. इथेच घोळ झाला! शर्टाच्या कॉलरवरचा ३९, ४०, ४२ हा आकडा बऱ्याच कंपन्यांत छातीचा नसतोच, गळ्याचा असतो आणि तोही सेंटिमीटरमध्ये. ताईला टेप घेऊन गळा मोजायला लावला, साडेसदतीस भरला. म्हणजे ३९ पुरे, वरचं बटण लावून कॉलरमध्ये दोन बोटं आरामात गेली की झालं. हे दुकानात कोणी सांगत नाही आणि पोरं छाती मोजून शर्ट घेतात, फार वाईट वाटतं मला.

अल्टर करून देऊ का म्हणून माझ्याही मनात आलं, पण कमरेत टीप मारून शर्ट बारीक करता येतो, बाही आखूड करता येते, खांदा मात्र बाही जोडतात त्या मुंढ्यापासून उसवावा लागतो आणि गावात घाईत कोणी ते नीट करणार नाही. बिल होतं, टॅग काढलेला असला तरी धुतलेला नव्हता, दुकानदाराने ३९ चा बदलून दिला. मित्राचा काळा ब्लेझर आणलाय तोही फोटोत घातला होता, त्याचे खांदे तर हाताच्या पुढे गेलेत. ब्लेझरच्या खांद्यात पॅडिंग असतं, ते दोन दिवसांत कमी होत नाही, म्हणून ब्लेझर घालूच नको असं स्पष्ट सांगितलं. पहिल्या नोकरीच्या पोराने बेताचा शर्ट-पँट घातला तर कोणी काही म्हणत नाही, मागून आणलेला ब्लेझर मात्र लगेच कळतो.

रंग चांगला निवडलाय त्याने, फिका आकाशी शर्ट आणि नेव्ही पँट, मला पांढऱ्यापेक्षा हाच जास्त आवडला, त्याच्या सावळ्या रंगावर उठून दिसतो आणि घाम आला तरी आतली बनियन तेवढी दिसत नाही. तरी बनियन पांढरी नको, राखाडी घाल म्हटलं, पांढरीच जास्त डोकावते. फक्त आकाशीला घामाचे डाग लवकर दिसतात, म्हणून शर्ट घालून बसने येऊ नको, टी-शर्टवर ये आणि माझ्याकडे बदल.

पँटची उंची बुटावर दोन घड्या पडतील एवढी जास्त होती. एकच हलकी घडी पडावी, मागून टाचेच्या वरच्या कडेला टेकावी. पँटची खालची मोहरी आत दुमडून टीप मारायला अर्धा तास लागतो, चौकातल्या टेलरला दिली. जाताना बूट घालून जा आणि तेच घालून माप दे हे दोनदा सांगितलं, चपलेवर माप दिलं की हमखास चुकतं.

आणि मग बसलेला फोटो. उभ्यातल्या तीन फोटोंत जे दिसलं नाही ते इथे दिसलं, पँट वर सरकली आणि खाली घोट्यापर्यंतचे पांढरे सॉक्स आणि वर पायाची कातडी. पोटरीपर्यंतचे नेव्ही सॉक्स घ्यायला सांगितले, उजेडात पँटशेजारी धरून घे म्हटलं, ट्यूबलाइटखाली काळा आणि नेव्ही सारखेच दिसतात. गुडघ्यावर चकाकीही होती, थेट गरम इस्त्री फिरवल्याने होते ती. ओला पातळ सुती रुमाल वर टाकून इस्त्री करायची, पूर्ण जात नाही पण कमी होते.

गुरुवार, संध्याकाळी

पोर आलं. नवीन शर्ट घालून दाखवला, खांदा हाडावर, बाही मनगटाच्या हाडापर्यंत. हात वर करायला लावला तर शर्ट पँटमधून निघाला नाही, चांगली लांबी आहे. घडीच्या रेषा राहिल्या होत्या, पाणी शिंपडून इस्त्री केली.

केस रविवारीच कापलेत म्हणून आता बसलेत, आदल्या दिवशी कापले असते तर कानामागे पांढरी रेघ दिसली असती. दाढी ठेवायची म्हणतो, ठेव, पण गळ्यावरचे केस कंठमण्याच्या थोड्या वरपर्यंत काढून टाक, तिथेच अस्ताव्यस्त दिसतं. नखं कापून घेतली. मनगटावर देवाचा लाल धागा होता, काढू का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं, श्रद्धेची गोष्ट आहे, फक्त तो मळून काळा पडला होता म्हणून त्याने देवघरातला नवीन बांधला आणि कफच्या आत सरकवला.

पट्टा काळा, बूट काळे, पण बुटाची टाच एका बाजूने झिजलीये. फोटोत हे दिसलंच नाही, बाकीचे फोटो समोरून-बाजूने होते आणि पाठीमागचा होता त्यात पँट टाचेवर आली होती. कोपऱ्यावरचा चांभार आठपर्यंत असतो, बूट घेऊन तो तिकडेच गेलाय.