ऑफिसच्या एसीची सूचना लिहिताना: माझा अनुभव

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात मार्च लागला की रिमोटवरून धुसफूस सुरू व्हायची. मोठ्या हॉलमध्ये दोन टनांचे तीन स्प्लिट एसी आहेत. कोणी बाहेरून घामाघूम आलं की तापमान १८ वर न्यायचं, अर्ध्या तासाने अकाउंट्सच्या मॅडम शाल गुंडाळून ते २७ करायच्या. शेवटी साहेबांनी ॲडमिन म्हणून मला सांगितलं, "एक आकडा ठरवा आणि सूचना लावून टाका."

नुसता आकडा लावून हे मिटणार नाही, असं मला वाटत होतं. म्हणून आधी साधा डिजिटल थर्मामीटर आणला आणि दुपारी तीनच्या सुमारास टेबलाटेबलावर ठेवून पाहिला. रिमोट २० दाखवत होता. एसीच्या झोताखालच्या टेबलावर २१ होते आणि पश्चिमेच्या काचेलगत २७! एसीचा सेन्सर आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोजतो, आणि ती हवा छताजवळची असते. खिडकीशी बसलेल्या माणसाचं त्याला काही कळत नाही. थंडी वाजणारे आणि उकडणारे, दोघेही खरंच बोलत होते.

मग सूचनेच्या आधी हॉलची कामं केली. फिल्टर धुतले, ते धुळीने इतके भरले होते की हवा धड येतच नव्हती. झडपा वर वळवल्या, म्हणजे गार हवा डोक्यावर न पडता छताखालून पुढे जाईल. पश्चिमेच्या काचांना जाड पडदे लावले. दोघांनी आपखुशीने जागा बदलल्या. बंद ठेवलेले छताचे पंखे मंद गतीवर सुरू केले. अंगाला वारा लागला की घाम लवकर सुकतो, त्यामुळे २५ अंशांतही दोनेक अंश कमी असल्यासारखं वाटतं. पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक टेबलं २४ ते २६ च्या दरम्यान आली. आकडा तिथेच ठरला: २५.

बिलाचा हिशेब मी सूचनेतच मांडला, कारण 'वीज वाचवा' असं नुसतं म्हटलेलं कोणी वाचत नाही. आमचा एक एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दोन युनिट घेतो. तीन एसी, नऊ तास, म्हणजे दिवसाला ५४ युनिट. रिमोट २० वर असताना भर उन्हाळ्यात हॉल तितका गार कधी होतच नव्हता, त्यामुळे कॉम्प्रेसर थांबत नव्हता. गॅलरीत बाहेरच्या युनिटपाशी उभं राहिलं की घरघर अखंड ऐकू यायची. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो की एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. आम्ही पाच अंश वाढवणार होतो, तरी हात राखून चौथाईच बचत धरली. दिवसाला १३ युनिट, महिन्याच्या २५ दिवसांत ३२५. सगळे आकार धरून आम्हाला युनिट १४ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे महिन्याला साडेचार हजार.

सूचना अशी लावली:

"सोमवारपासून हॉलमधील तिन्ही एसी २५ अंशांवर राहतील आणि पंखे मंद गतीवर चालतील. १८ वर ठेवल्याने हॉल लवकर गार होत नाही. आपले एसी जुन्या पद्धतीचे आहेत, त्यांचा कॉम्प्रेसर १८ वरही तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. रिमोट रिसेप्शनवर राहतील. आपल्या जागी थंडी वाजत असेल किंवा उकडत असेल तर ॲडमिनला सांगावे, तिथे थर्मामीटर ठेवून झडप, पंखा किंवा जागा बदलून देऊ. सर्व्हर रूमला हा नियम लागू नाही."

पहिल्याच आठवड्यात सेल्सचा एक मुलगा म्हणाला, "अहो, आम्ही उन्हातून येतो, आम्हाला पंचवीस कसं पुरणार?" त्याचं म्हणणं रास्त होतं. दारापाशी एक पेडेस्टल पंखा ठेवला. बाहेरून आलेला माणूस पाच-दहा मिनिटं त्याच्यासमोर बसतो आणि मग आपल्या जागी जातो.

पावसाळ्यात मात्र सूचनेत दुरुस्ती करावी लागली. जुलैत २५ वर हॉल लवकर गार होतो, कॉम्प्रेसर थांबतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो, त्यामुळे चिकचिक होते. त्या महिन्यांत तापमान आणखी खाली नेण्याऐवजी 'ड्राय' मोड लावायचा, अशी ओळ वाढवली.

बिल ताडून पाहताना मी मार्चशी एप्रिलची तुलना केली नाही, कारण ऊनच वेगळं असतं. मागच्या वर्षीच्या एप्रिलचं बिल काढलं आणि दोन्हींतले रुपये न बघता युनिट बघितले, कारण दर मध्येच बदलतात. युनिट हिशेबाच्या जवळपासच कमी झाले होते. दोन्ही बिलांची झेरॉक्स आता सूचनेशेजारी लावलेली आहे.