बेचाळीस सेकंदांत सहा तास

गुरुवार, रात्री पावणेबारा

परवा सकाळी मावशीकडे साबुदाणा खिचडीचं शूटिंग आहे. एकादशी चार दिवसांवर आली, म्हणजे रील त्याआधी एडिट होऊन जायला हवं. आज जेवणानंतर स्क्रिप्ट लिहायला बसलो. वाटलं होतं, वीस मिनिटांचं काम आहे. खिचडीत असतं काय? पण पहिल्याच ओळीला अडलो.

अडलो ते भिजवण्यापाशी. खिचडी बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच. कमी भिजलेला दाणा मध्ये कडक राहतो आणि पाणी जास्त झालं की कढईत लगदा होतो. नेमकी हीच पायरी कॅमेऱ्याला दिसत नाही. वाडग्यात साबुदाणा, वर पाणी, कट, की झाला टपोरा! बघणाऱ्याला वाटणार, दहा मिनिटांत भिजतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी या पायरीला दीड सेकंद दिला होता आणि कढईत फोडणी तडतडण्याला सात, कारण ती दिसायला छान. आता उलटं केलंय. भिजवण्याला सहा सेकंद, फोडणीला तीन.

मागच्या थालीपीठाच्या रीलमध्ये मी सगळं साहित्य सुरुवातीलाच एका फ्रेममध्ये टाकलं होतं. नऊ ओळी, चार सेकंद. बहिणीने पाहिलं आणि म्हणाली, "दादा, मी तीनदा थांबवून वाचलं, तरी तिखट किती ते कळलं नाही." तेव्हापासून साहित्य पहिल्या फ्रेममध्ये नाही. जो पदार्थ हातातून पडतो, त्याचं नाव आणि माप त्याच क्षणी, आणि एका वेळी जास्तीत जास्त तीन ओळी. किती वेळ ठेवायचं, याला माझं मोजमाप साधं आहे. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मजकूर सावकाश दोनदा वाचतो. जेवढा वेळ लागेल तेवढा स्क्रीनवर. मी स्वतः लिहिलेलं असल्यामुळे मला एकदाच पुरतं, म्हणून दोनदा.

मापांसाठी मावशीला फोन केला. "अगं, कूट किती?" "अंदाजाने रे, हाताला कळतं." शेवटी म्हटलं, साबुदाणा एक वाटी घेतलास तर त्याच वाटीने कूट किती, ते सांग. मग लगेच उत्तर आलं, अर्धी. पाणी? पाऊण वाटी, पण साबुदाणा धुऊन आधीचं पाणी पूर्ण निथळून मगच. म्हणून मजकुरात 'एकच वाटी वापरा' हे घालायचं ठरवलं. तिची स्टीलची वाटी माझ्याकडच्या वाटीपेक्षा चांगलीच लहान आहे. एकाच वाटीने सगळं मोजलं तर वाटी कुठलीही चालते. मिरच्या आणि तूप तेवढे वाटीत बसत नाहीत, ते थोडे ज्याच्या त्याच्या अंदाजाने.

आता उतरलेली स्क्रिप्ट अशी आहे. ० ते ३ सेकंद, तयार खिचडीतून चमचा वर उचलायचा आणि दाणे सुटे पडताना दिसायला हवेत. मजकूर फक्त 'साबुदाणा खिचडी'. ३ ते ९, वाडग्यात धुतलेला साबुदाणा आणि वरून पाणी: 'साबुदाणा १ वाटी, पाणी पाऊण वाटी, ५ ते ६ तास'. ९ ते १२, भिजलेला दाणा चिमटीत दाबायचा: 'सहज चेपला पाहिजे'. हा शॉट मावशीचा हट्ट आहे आणि तो बरोबर आहे, कारण सगळ्यांचा साबुदाणा सारखा नसतो. कुठला चार तासांत मऊ होतो, कुठल्याला रात्रभर लागते. घड्याळापेक्षा चिमटीवर विश्वास ठेवायचा. मध्ये टणक लागला तर चमचाभर पाणी शिंपडून अर्धा तास झाकून ठेवायचा, हे आवाजात सांगेन.

१२ ते १८, साबुदाण्यावर कूट, मीठ, साखर आणि हाताने कालवणं: 'दाण्याचं कूट अर्धी वाटी, मीठ चवीपुरतं, साखर १ चमचा'. कूट कढईत न टाकता आधीच कालवायचं, कारण ते प्रत्येक दाण्याला बाहेरून चिकटतं आणि दाणे एकमेकांना धरत नाहीत. हे 'कारण' मी मजकुरात लिहिलं होतं, मग खोडलं. मजकुरात किती आणि किती वेळ, आवाजात का. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, त्यांना कारण नाही कळलं तरी खिचडी जमते, माप नाही कळलं तर जमत नाही.

१८ ते २१ फोडणी: 'तूप २ चमचे, जिरं १ चमचा, मिरच्या ३'. २१ ते २६ बटाटा. इथे परत तीच चोरी होणार होती. कच्च्या बटाट्याच्या पातळ फोडी तुपात पडल्या, पुढच्या कटला मऊ. म्हणून 'बटाटा १, झाकून ४ मिनिटं'. २६ ते ३५ साबुदाणा कढईत: 'मंद आचेवर ५ ते ६ मिनिटं, दाणा पारदर्शक होईपर्यंत'. मध्ये एकदा उलथनं फिरवलेलं, एकदा झाकण. पारदर्शक झाल्यावर लगेच गॅस बंद, पुढे परतत राहिलं की दाणे चिकटून गोळा होतो.

मजकूर फ्रेमच्या वरच्या भागात. खाली खात्याचं नाव आणि कॅप्शन येतं, उजवीकडे लाइकची बटणं, तिथलं काही वाचता येत नाही. म्हणजे कढई फ्रेममध्ये थोडी खाली धरायला हवी, हे परवा विसरायचं नाही.

शेवटचे सात सेकंद वाढण्याचे. आधी लिहिलं होतं, 'गरमागरम सर्व्ह करा'. ही काय टिप झाली? खिचडी थंड कोण वाढतं? मावशीला विचारलं, डब्यात दिली तर काय करतेस? म्हणाली, "दोन चमचे दूध शिंपडून झाकण ठेवते आणि मंद आचेवर एक वाफ. परत मऊ होते." बस, हेच. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळताना दिसेल आणि बाजूला गोड दह्याची वाटी, पण मजकूर एकच: 'गार झाली? दूध २ चमचे, झाकून १ वाफ'. कोथिंबीर काढून टाकली. आमच्याकडे उपासाला चालते, पुष्कळ घरी चालत नाही, आणि तीन सेकंदांच्या हिरव्या रंगासाठी कशाला वाद.

एकूण बेचाळीस सेकंद. परवा दोन वाडगे लागतील हे आत्ता लक्षात आलं. एक रात्री भिजवलेला, एक कोरडा, कारण पाणी घालण्याचा शॉट कोरड्याचाच. मावशीला उद्या रात्री अकराला भिजवायला सांगितलं, तर म्हणाली, "मी भिजवते, तू गजर नको लावूस, तू झोपतोस." कोरड्या वाडग्याचं तिला अजून सांगितलेलं नाही. शूटिंगनंतर तोही भिजवावा लागणार, म्हणजे शनिवारी दोन वाट्यांची खिचडी आणि खाणारे आम्ही दोघंच.