आठची गोळी आणि ऑफिसचा समारंभ

“ऑफिसचा संध्याकाळचा समारंभ सगळ्यांना सक्तीचा असतो आणि तुमच्या घरी तर आजारी माणूस आहे. मग कोणाला न दुखावता नाही कसं सांगता?”

पहिल्या वर्षी मी नाही असे सांगितलेच नव्हते. “बघते, जमलं तर नक्की येते,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. त्या एका वाक्यावर विसंबून माझे ताट मोजले गेले आणि बक्षिसांची नावे वाचण्याचे कामही माझ्याकडे आले. पावणेसातला मी कोपऱ्यात जाऊन वरिष्ठांना “मला निघावं लागेल” असे सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी नाराजी उमटली ती रास्तच होती. माझे जाणे त्यांना खुपले नाही. ते आयत्या वेळी कळले, हे खुपले. तेव्हापासून निमंत्रणाचा मेल आला की दोन दिवसांच्या आत मी स्वच्छ शब्दांत नकार कळवते.

माझ्या आईला पार्किन्सन्स आहे. तिची लेव्होडोपाची गोळी सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ अशी घड्याळावर द्यावी लागते. प्रथिनांमुळे औषध नीट शोषले जात नाही, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची आणि वरण, दही त्यानंतर. गोळीला उशीर झाला की तिचे अंग ताठरते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. अशा वेळी ओढायचे नसते. फरशीची रेघ दाखवून “आई, ह्या रेघेवर पाय टाक” म्हटले की पाऊल उचलले जाते. ब्युरोच्या मावशींना हे सारे उत्तम जमते, परंतु त्यांची पाळी आठला संपते आणि त्यांच्याही घरी मुले वाट पाहत असतात. त्यांना दर वेळी थांबवून घेणे मला पटत नाही.

नकार मी आधी वरिष्ठांना समक्ष सांगते आणि मग लिहून पाठवते, कारण आधी मेल गेला की तो तक्रारीसारखा वाचला जातो. मागच्या वर्षी मी लिहिले होते: “महोदय, शुक्रवारच्या वर्धापनदिनाच्या समारंभाला मी उपस्थित राहू शकणार नाही. माझ्या आईच्या शुश्रूषेसाठी रात्री आठच्या आत मला घरी पोहोचणे आवश्यक असते आणि त्या वेळेस दुसरे कोणी नसते. कृपया भोजनाच्या संख्येत माझे नाव धरू नये. प्रशस्तिपत्रांवरील नावे तपासण्याचे काम मी गुरुवारी दुपारपर्यंत पूर्ण करून देईन. ही अनुपस्थिती रजेत धरावयाची असल्यास तसे कळवावे, ही विनंती.” यात आजाराचे नाव नाही. ते फक्त वरिष्ठांना ठाऊक आहे. आईचा आजार साऱ्या विभागात चर्चेचा विषय व्हावा, असे मला वाटत नाही. “तब्येत बरी नाही” असे खोटे कारणही मी देत नाही, कारण आईची गरज दर वर्षीची आहे आणि खोटे कारण दर वर्षी नवे शोधावे लागते. शेवटच्या वाक्याचा उपयोग असा की अनिवार्य या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे समोरच्यालाही ठरवावे लागते. मला उत्तर आले की रजा धरली जाणार नाही.

खरी कसोटी “अहो, अर्धा तास तरी येऊन जा” या प्रेमळ आग्रहाची असते. त्यावर मी अंतर सांगते. समारंभ बाणेरला, घर सिंहगड रस्त्यावर. शुक्रवारच्या गर्दीत सव्वा तास धरावा लागतो, म्हणजे पावणेसातला निघायला हवे. निमंत्रणात साडेसहा असले तरी दीपप्रज्वलन सव्वासातच्या आत कधी होत नाही. त्या अर्ध्या तासात मी कोणालाच भेटणार नसते. “सर, त्यापेक्षा गुरुवारी दुपारी सगळ्यांबरोबर जेवते,” असे मी म्हटले, आणि डबा घेऊन खरोखरच त्यांच्यात जाऊन बसले. त्यांनी आग्रहाने बोलावले होते, त्याचा मान निदान इतका तरी राखला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मात्र गैरहजेरीची भरपाई म्हणून तीन-तीन कामे अंगावर घेण्याची चूक मी एकदा केली आहे. त्या आठवड्यात रोज घरी पोहोचायला साडेआठ झाले आणि ज्या गोळीसाठी समारंभ नाकारला होता, तीच उशिरा दिली गेली. आता एकच काम घेते, तेही दिवसा उरकणारे.

यंदाच्या उपस्थितीच्या यादीत माझ्या नावासमोर “पूर्वसूचना देऊन अनुपस्थित” असे छापले होते. ती यादी मी मावशींना दाखवली, आणि त्या पर्स उचलून आठच्या ठोक्याला निघाल्या.