‘तो पहिला प्लॅन बंद आहे का ओ?’

द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीची नोंदवही ठेवणारं ॲप. कोणतं औषध कधी मारलं, काढणीला किती दिवस उरलेत, हे सगळं त्यात नोंदवायचं. त्याच्या किमतींचं पान मांडणीसाठी माझ्याकडे आलं. प्लॅन तीन: एका बागायतदारासाठी महिना ₹१००, दहा जणांपर्यंतच्या गटासाठी ₹२५० आणि निर्यातदारासाठी ₹६००. पैसे मात्र वर्षाचे एकदम भरायचे. मालकांची मागणी सरळ होती: ‘मधला उठून दिसला पाहिजे.’

यात गैर काही नाही. तीन पर्याय समोर आले की बरेच लोक मधल्याकडे झुकतात. ग्राहकवर्तनाच्या अभ्यासात याला तडजोडीचा परिणाम म्हणतात आणि तो १९८९ पासून नोंदलेला आहे. म्हणजे मधल्याला थोडा कल मुळातच मिळालेला असतो. प्रश्न असतो तो आपण त्यावर आणखी किती रेटतो याचा.

मालकांना जो नमुना आवडला होता, त्यात मधलं कार्ड गडद हिरवं होतं आणि बाजूची दोन्ही फिकट करड्या रंगात, बटणंसुद्धा करडी. वर ‘सर्वाधिक लोकप्रिय’ अशी पट्टी. मोबाइलवर कार्डं एकाखाली एक येतात, तिथे `order: -1` लावून मधलं सगळ्यात वर घेतलेलं. मला ते पटत नव्हतं, पण मालकांशी रंगावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून मी दुसरा नमुना तयार केला आणि दोन्ही कुणाला तरी दाखवू म्हटलं.

दिंडोरीकडचे एक बागायतदार कामासाठी गंगापूर रोडच्या ऑफिसात आले होते. ऑक्टोबर छाटणीचे दिवस, त्यामुळे घाईतच होते. आधी मालकांचा नमुना त्यांच्याच फोनवर उघडून दिला. ते गॅलरीत उन्हाला उभे. पहिल्या स्क्रीनभर हिरवं कार्ड. ‘अडीचशे का? मी तर एकटाच आहे,’ म्हणत फोन परत द्यायला लागले. खाली सरकवा म्हटल्यावर त्यांना शंभरचा प्लॅन दिसला आणि त्यांनी विचारलं, ‘हा बंद आहे का ओ?’

करडं बटण म्हणजे दाबता न येणारं बटण, हे लोक रोजच्या वापरातून शिकलेले असतात. बँकेच्या ॲपमध्येही ओटीपी भरेपर्यंत बटण करडंच असतं. त्यात उन्हात फिकट अक्षरं वाचताही येईनात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५:१ असावा असा सुगम्यतेचा दंडक आहे. त्या कार्डावर तो ३ च्याही खाली होता. मालक शेजारीच उभे होते. हातातलं गिऱ्हाईक जाताना बघून ते रंगाबद्दल पुढे बोललेच नाहीत.

माझ्या नमुन्यात नियम एकच होता: मधल्याला काही द्यायचं, पण बाजूच्यांचं काही काढायचं नाही. तिन्ही किमतींची अक्षरं सारख्याच आकाराची, बटणं सारखीच गडद, सोयींच्या ओळी त्याच क्रमाने. मधल्याला फक्त जाड किनार, हलकी हिरवी छटा आणि वर पट्टी. पट्टीमुळे मधली किंमत खाली ढकलली जाते आणि तुलना करताना नजर अडखळते, म्हणून ती `position: absolute` करून किनारीवर बसवली. ओळी एका रेषेत राहाव्यात म्हणून:

```css
.plans { display: grid; grid-template-columns: repeat(3, 1fr); }
.plan  { position: relative; display: grid;
         grid-row: span 4; grid-template-rows: subgrid; }
```

यामुळे नाव, किंमत, सोयी आणि बटण या चारही भागांची उंची तिन्ही कार्डांत सारखी राहते, कुणाचा मजकूर दोन ओळींत गेला तरी. फोनवर एकच स्तंभ ठेवला आणि क्रम स्वस्तापासून महागाकडे. `order` काढूनच टाकलं. त्याने डोळ्यांना दिसणारा क्रम बदलतो, पण स्क्रीन रीडर मूळ क्रमानेच वाचतो.

खरी रस्सीखेच झाली ती किमतीवरून. ‘₹२५०/महिना’ मोठं आणि वार्षिक रक्कम पैसे भरायच्या पानावर, अशी त्यांची इच्छा होती. खात्यातून जाणार होते ₹३,०००, अधिक १८% जीएसटीचे ₹५४०, म्हणजे ₹३,५४०. शेवटच्या पायरीला किंमत फुगवणं हे केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांत ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून नोंदलेलं आहे, हे मी त्यांना दाखवलं. शेवटी प्रत्येक कार्डावर महिन्याच्या आकड्याखाली लगेच ‘आज भरायचे: ₹३,५४०, वर्षभरासाठी, जीएसटी धरून’ अशी ओळ आली. पहिल्या प्लॅनवर त्या जागी ₹१,४१६ आणि तिसऱ्यावर ₹८,४९६.

राहिली पट्टी. मी विचारलं, ‘लोकप्रिय म्हणजे किती जणांनी घेतलाय?’ ॲप अजून बाजारातच आलं नव्हतं. म्हणून पट्टीवर आता लिहिलंय, ‘दहा बागायतदारांपर्यंतच्या गटासाठी’. दिंडोरीच्या त्या काकांनी ती वाचली, ‘म्हणजे माझा पहिलाच’ म्हणाले आणि शंभरचा निवडला. मालकांचा चेहरा जरा पडला. हंगाम संपल्यावर विक्रीचे आकडे देतो, मग ‘लोकप्रिय’ लावा, असं ते म्हणतात. आकडे तसे आले तर लावीन, पण ते कोणत्या हंगामाचे आहेत हे पट्टीखाली लिहायचंच, यावर मी अडून आहे.