सांगायचं, विचारायचं की सोपवायचं: फाउंड्रीतला माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड वितळवून ओतणाऱ्या एका फाउंड्रीत मोल्डिंग, म्हणजे वाळूचे साचे बनवायचं काम, सांभाळता सांभाळता पूर्ण शिफ्ट माझ्याकडे आली. माणसं खानापूर, बैलहोंगलकडची, निम्मी मराठी, निम्मी कन्नड बोलणारी, आणि बरीचशी माझ्यापेक्षा जुनी. कुठली गोष्ट थेट सांगायची आणि कुठली त्यांच्यावर सोडायची, हे मला रोज नव्यानं ठरवावं लागे.

तेव्हा ट्रेनिंगमध्ये ऐकलेली एक पट्टी कामाला आली. रॉबर्ट टॅननबॉम आणि वॉरन श्मिट या दोघांनी ती 1958 साली मांडली. एका टोकाला साहेब ठरवतो आणि सांगतो, दुसऱ्या टोकाला मर्यादा आखून निर्णय गटावर सोपवतो. मधे पायऱ्या आहेत. त्यांनी सात दाखवल्या, मी चारच धरतो: सांगणं, पटवणं, विचारून स्वतः ठरवणं, आणि सोबत बसून ठरवणं. मला यातलं पटलं ते असं, की पायरी माणसाच्या स्वभावावरून ठरत नाही. आपल्याला किती भरवसा वाटतो, समोरच्यांना त्या कामाची किती जाण आहे आणि वेळ-परिस्थिती काय आहे, हे पाहून ती प्रत्येक निर्णयाला वेगळी निवडायची.

ओलं भंगार भट्टीत टाकायचं नाही, हे मी सरळ सांगतो. वितळलेल्या लोखंडाखाली थोडं जरी पाणी अडकलं तरी त्याची क्षणात वाफ होते, ती हजार पटींहून जास्त फुगते आणि धातू बाहेर उडतो. इथं मत विचारण्यासारखं काही नाही. पावसाळ्यात भंगार शेडखाली सुकल्याशिवाय चार्ज होत नाही, उत्पादन थांबलं तरी चालेल. कारण मात्र मी दरवेळी सांगतो.

खरी कसोटी लागली ती पंपाच्या बॉडीच्या रिजेक्शनला. कास्टिंगमध्ये कोअरच्या, म्हणजे आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात त्या वाळूच्या तुकड्याच्या, बाजूला ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेली भोकं, येत होते. मी सगळ्यांना शेडमध्ये बोलावून आधीच सांगितलं, "मला अजून कारण कळलेलं नाही. तुमचं ऐकून घेतो, पण ठरवणार मी, आणि जबाबदारीही माझीच." हे आधी सांगणं फार गरजेचं आहे. पूर्वी मी जिथं काम करत होतो तिथं साहेब मीटिंग घेऊन सगळ्यांचं ऐकायचे आणि शेवटी खिशातला टाइप केलेला कागद वाचून दाखवायचे. दोन-तीन मीटिंगांनंतर कोणी तोंडच उघडेना. चहाला एक जुना मोल्डर म्हणाला होता, "ठरलंय तर ठरलंय म्हणा की, आम्हाला कशाला बसवताय?" विचारणं खोटं आहे हे असंच ओळखू येतं: मीटिंगमध्ये सगळे गप्प आणि बाहेर सगळे बोलके.

आमच्या बैठकीत कोअर बसवणाऱ्या अण्णांनी नेमकं सांगितलं. भट्टीला उशीर झाला की कोअर बसवून बंद केलेले साच्याचे बॉक्स तासन्‌तास पडून राहतात. कोअर साच्याच्या ओल्या वाळूतला ओलावा ओढून घेतो, आणि धातू ओतला की तोच वायू होऊन आत अडकतो. दुसऱ्या कोणी कोअरची वाळू घट्ट धरणारा बाइंडरच बदलू या म्हटलं. ते मी नाही म्हटलं, कारण खर्च मोठा होता आणि अण्णांचा उपाय आधी बिनखर्चात करून बघता येत होता. ठरवलं असं: भट्टीवाल्यानं धातू तयार होत आल्याची हाक दिल्यावरच कोअर बसवायचे, आणि जो बॉक्स आधी बंद झाला तो आधी ओतायचा. कोअरजवळचे ब्लो होल कमी झाले. बाइंडर का नाही, हेही मी त्या बैठकीतच सांगितलं. ज्याची सूचना घेतली नाही त्याला कारण कळलं नाही, तर तो पुढच्या वेळी बोलत नाही.

गणपती आणि सौंदत्ती यल्लम्माच्या यात्रेच्या रजा मात्र मी सोपवून टाकल्या. आखलेल्या मर्यादा दोनच: भट्टीवर ठरलेली माणसं हवीत आणि कबूल केलेली डिलिव्हरी चुकायला नको. त्यात कोणी कधी जायचं ते सगळ्यांनी ठरवायचं, मीही बसायचो, पण माझं मत एकच. एकदा मला वाटत होतं की लांबच्या गावांना आधी रजा द्यावी. गटानं ठरवलं, ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांनी पहिले दिवस घ्यायचे, आणि यात्रेला जाणाऱ्यांनी त्या दिवसांत शिफ्ट ओढायची. यात्रेला मग उलट. तेच लागू केलं. तिथं मी माझंच रेटलं असतं, तर पुढच्या वर्षी कोणी त्या बैठकीला आलं नसतं.

आता नवी पोरं भरती झाली आहेत. ओतताना लॅडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं, कुठं उभं करायचं हे मी जुन्यांवर सोडलं होतं, या पोरांना पहिले काही महिने मीच सांगतो. त्यांच्या हाताला सवय लागली की तेही त्यांच्यावर सोडायचं, असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय.