एकोणचाळीस की थर्टीनाइन

एका वाक्यापायी माझ्या तीन दुपारी गेल्या. मी लिहीत होते ती गोष्ट सांगलीतल्याच एका घरातली. जुलैचा शेवट, धार लागलेला पाऊस. कॉटवर आजी, आणि खिडकीत मोबाइल घेऊन बसलेला सोळा वर्षांचा नातू. आजी विचारते, पाणी किती झालं? आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी विचारला जाणारा प्रश्न. त्यावर माझ्या गोष्टीतल्या नातवाचं उत्तर असं होतं:

‘आजी, आयर्विन पुलाजवळ पाणी एकोणचाळीस फुटांवर आलं आहे. इशारा पातळी चाळीस फूट आहे, त्यामुळे तू सारखी काळजी करू नकोस.’

कच्चा खर्डा भाच्याला वाचायला दिला. तोही दहावीतच. त्यानं मान वर न करता विचारलं, ‘मावशी, हा कलेक्टर ऑफिसात आहे का?’

लागलं, पण खरं होतं. पोरगं वैतागलेलं आहे हे मला दाखवायचं होतं, आणि मी त्याच्या तोंडी बातमीपत्र दिलं होतं. बाहेरगावच्या वाचकाला इशारा पातळी कळावी म्हणून केलेला हा उद्योग. पण २०१९ चा पूर बघितलेल्या सांगलीच्या आजीला चाळीस म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका हे कोण कशाला सांगेल? घाईतला माणूस तर समोरच्याला माहीत असलेलं आधी गाळतो. ‘त्यामुळे’ हा शब्द वैतागलेल्या पोराच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही. सुरुवातीची ‘आजी’ ही हाकही फुकटची. ती चार हातांवर बसली आहे, तिला हाक कशाला?

दुसऱ्या दुपारी मी दुसऱ्या टोकाला गेले. ‘अगं चिल ना यार, किती टेन्शन घेतेस!!!’ हे वाचून भाचा हसला, पण नको तिथे. असले शब्द दोन वर्षांत शिळे होतात. शिवाय ते कुठल्याही पोराच्या तोंडी बसतात, म्हणजे याचे नव्हतेच. उद्गारचिन्हं तीन दिली तरी आवाज चढत नाही, फक्त लेखिका ओरडतेय असं वाटतं.

मग सगळं छाटून नुसतं ‘एकोणचाळीस’ ठेवलं. आता तो तुसडा वाटायला लागला. तुसडेपणा पहिल्याच प्रश्नाला दिसतो, वैतागायला तोच प्रश्न आधी येऊन गेलेला असावा लागतो. म्हणजे दुरुस्ती उत्तरात नव्हतीच, आजीच्या प्रश्नात होती. तिला तीनदा विचारायला लावलं. पहिल्यांदा तो सरळ सांगतो, दुसऱ्यांदा नुसता आकडा टाकतो, तिसऱ्यांदा तिचं वाक्य पुरं होऊ देत नाही. तिथे मी आधी टिंबं दिली होती, ‘पाणी कि...’ अशी. टिंबांनी आजी स्वतःच अडखळल्यासारखी वाटते. आडवी रेघ दिली तेव्हा कुठे तिला तोडल्यासारखं झालं:

‘पाणी कि—’
‘एकोणचाळीसच आहे गं!’

सगळा वैताग त्या ‘च’मध्ये आहे. ‘मगाशी सांगितलं तेवढंच, मधे काही वाढलेलं नाही, आता पुन्हा विचारू नकोस’ एवढं सगळं त्या एका अक्षरात येतं. आणि ‘गं’ काढून बघा, पोरगं लगेच उद्धट होतं. ‘गं’ आहे म्हणून ते आजीचं राहतं. ‘आहे’ऐवजी ‘हाय’ करावं का, यावर थोडं अडले. पण हा विश्रामबागेतला, इंग्रजी शाळेतला मुलगा. त्याच्या तोंडी ‘हाय’ घातलं असतं तर ते वाचकाला गाव दाखवण्यासाठी झालं असतं.

भाच्यानं मोठ्यानं वाचलं आणि आकड्यावरच अडखळला. ‘एकोणचाळीस म्हणजे... थर्टीनाइन ना?’

घ्या! पोरांना एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास एकाच माळेचे वाटतात, मग मराठी वाक्याच्या मधोमध इंग्रजी आकडा येऊन बसतो. माझा नातू ‘एकोणचाळीस’ म्हणूच शकत नव्हता. बदललं, तर मूळची अडचणही आपोआप सुटली:

‘पाणी कि—’
‘थर्टीनाइनच आहे गं!’
‘म्हणजे चाळीसला एक कमी,’ आजी म्हणाली आणि कॉटखालची ट्रंक ओढायला लागली.

इशारा पातळी सांगायची मला गरजच उरली नाही. ती ट्रंक बघून बाहेरगावच्यालाही कळतं.

गोष्ट एका दिवाळी अंकाला पाठवली. प्रूफ आलं, त्यात स्वच्छ छापलेलं: ‘३९च आहे गं!’ मी फोन केला.

‘अहो ताई, अंकात सुटसुटीत दिसतं. वाचणारा वाचतोच की.’

‘वाचतो हो,’ मी म्हटलं, ‘पण एकोणचाळीस वाचतो.’