वीस लाख, पहिल्या वर्षापुरते

भाचीला पुण्यातल्याच दोन कंपन्यांनी ऑफर दिल्या, एकीने वीस लाखांची आणि दुसरीने अठराची. घरात वीसचे पेढे वाटायचे जवळजवळ ठरलेच होते. माझं आयुष्य पगारपत्रकांत गेल्यामुळे दोन्ही पत्रं माझ्याकडे आली. मी शेवटचं पान आधी वाचतो, कारण सीटीसीची फोड तिथे असते.

वीसवाल्यांचा फिक्स्ड पगार कंपनीच्या पीएफसकट साडेचौदा लाख, व्हेरिएबल तीन, जॉइनिंग बोनस दोन आणि ग्रॅच्युइटी-विम्याचे पन्नास हजार. अठरावाल्यांकडे फिक्स्ड साडेसोळा, व्हेरिएबल एक आणि तेच पन्नास हजार. ते पन्नास हजार मी दोन्हीकडून खोडले. ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं टिकलं तर हाती येते, आणि या पोरी पाच वर्षं कुठे टिकतात? अठरावाल्यांच्या विम्यात मात्र आईवडीलही होते. ताईच्या मधुमेहासकट तशी पॉलिसी बाहेर घ्यायला चाळीस हजार तरी लागले असते, म्हणून तेवढे त्यांच्या बाजूला धरले.

मग एक्सेलमध्ये दर वर्षाचा एक रकाना केला. व्हेरिएबल दोन्हीकडे सत्तर टक्केच मिळेल असं धरलं. पहिल्या वर्षी वीसवाले १८.६ लाख, अठरावाले १७.६. दुसऱ्या वर्षी जॉइनिंग बोनस गळाला आणि वीसवाले १६.६ वर आले, अठरावाले होते तिथेच. दोन वर्षांची बेरीज दोन्हीकडे ३५.२! तिसऱ्या वर्षापासून अठरा पुढे, आणि पगारवाढ बहुधा फिक्स्डवर मिळत असल्याने हे अंतर वाढतच जाणार.

“पण मामा, व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर?” योग्य प्रश्न. सत्तरच्या जागी शंभर टाकले. बोनस वगळून वीसवाले साडेसतरा, अठरावाले १७.९. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून काहीही झालं तरी वीसवाले मागेच.

पहिल्या वर्षाची आघाडीही तशी कच्चीच. बारा महिन्यांच्या आत सोडलं तर जॉइनिंग बोनस परत, आणि पत्रात ‘ग्रॉस’ लिहिलं होतं, म्हणजे टीडीएस कापून हाती आले त्यापेक्षा जास्त भरायचे. व्हेरिएबल आर्थिक वर्षाच्या हिशेबाने. ऑक्टोबरात रुजू झालं तर पहिल्या खेपेला निम्मंच, तेही वाटपाच्या दिवशी नोकरीत असेल तर.

कामाचं स्वरूप वीसवाल्यांकडे बरं आहे, असं तिचं म्हणणं. ते माझ्या रकान्यांत बसत नाही. म्हणून तिला म्हटलं, बोनसमधला एक लाख फिक्स्डमध्ये टाकता का, एवढं विचार. तिने विचारलं. एचआरच्या बाई फार गोड बोलल्या. फिक्स्ड बँडच्या बाहेर जातोय, तिथे काही करता येणार नाही. हवं तर जॉइनिंग बोनस अडीच करतो.